डाळ मिल सुरू झाल्यानंतर दर महिन्याला काय मोजायचं? शेतकरी उत्पादक कंपनीसाठी एकपानी डॅशबोर्ड

शेतकरी उत्पादक कंपनी डाळ मिल टाकते तेव्हा प्रकल्प अहवाल बनतो. त्यावर बँकेचं कर्ज मंजूर होतं, अनुदानाची फाईल पुढे सरकते, मशीन बसतं, नारळ फुटतो. त्यानंतर तो अहवाल कपाटात जातो तो थेट ऑडिटच्या वेळी बाहेर निघतो. मधल्या काळात संचालक मंडळ बँक शिल्लक बघतं, 'धंदा बरा चाललाय ना?' असं विचारतं आणि मॅनेजर 'चाललाय' म्हणतो.

कायद्यानुसार उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत किमान एकदा व्हावी लागते. तुरीच्या हंगामाचा जोर मात्र जानेवारी ते मार्च असा जेमतेम तीन महिन्यांचा असतो. तिमाही बैठकीत चूक लक्षात येईपर्यंत वर्षाची खरेदी आटोपलेली असते. म्हणून महिन्याला एक पान लागतं, आणि त्या पानावर कोणते आकडे घ्यायचे हे आधी नीट ठरवावं लागतं. ही निवड कशी करायची ते एका डाळ मिलच्या उदाहरणातून बघू. उदाहरणातले भाव आणि खर्च हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमचे आकडे तुमच्या प्रकल्प अहवालातून घ्या, रीत मात्र तीच राहील.

पहिलं काम: अहवालातली गृहीतकं बाहेर काढा

निर्देशकांची यादी इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. प्रकल्प अहवालातलं नफ्याचं पान उघडा आणि तो नफा कशाच्या जोरावर दाखवलाय ते बघा. आपल्या उदाहरणात एक क्विंटल तुरीचा हिशोब असा आहे.

तूर ७,५०० रुपयांनी घेतली. त्यातून ७२ किलो डाळ निघेल असं धरलं. घाऊक भाव ११२ रुपये किलो, म्हणजे डाळीचे ८,०६४ रुपये. तुटलेल्या डाळीचा खंडा ५ किलो, डाळीच्या भुकटीची चुनी १० किलो आणि टरफल १० किलो मिळून ५८० रुपये. उरलेले ३ किलो घट. वीज, मजुरी, तेल, बारदाना यांचा खर्च ४५० आणि वाहतूक-हमाली १५०. हे सगळं वजा जाता क्विंटलमागे ५४४ रुपये शिल्लक राहतात. पगार, कर्जाचा हप्ता, भाडं असा महिन्याचा स्थिर खर्च १ लाख ८० हजार. तो ५४४ ने भागला की ३३१ क्विंटल येतात. एवढी तूर महिन्याला दळली की स्थिर खर्च निघाला. अहवालात पहिल्या वर्षी महिन्याला ६०० क्विंटल धरलेत, म्हणजे कागदावर सगळं आरामात आहे.

आता यातलं प्रत्येक गृहीतक थोडं बिघडवून बघा. उतारा, म्हणजे तुरीतून निघणाऱ्या डाळीचं प्रमाण, ७२ ऐवजी ६९.५ टक्के आला आणि ते अडीच किलो घटीत गेले, तर क्विंटलमागे २८० रुपये जातात. शिल्लक ५४४ वरून २६४ वर येते. मग स्थिर खर्च भागवायला ३३१ नाही, ६८२ क्विंटल दळावे लागतात. आपलं ६०० चं उद्दिष्ट पूर्ण झालं तरी तोटाच. याउलट वीजबिल दहा टक्क्यांनी वाढलं, तर क्विंटलमागे फार तर दहा-पंधरा रुपयांचा फरक पडेल.

ही कसोटी प्रत्येक गृहीतकाला लावली की पानावर कोण बसणार ते आपोआप ठरतं. उतारा बसतो, वीजबिल बसत नाही. वीज हिशोबात राहीलच, पण तिच्यासाठी पाच माणसांचा वेळ घालवायची गरज नाही.

एक सावधगिरी इथेच घ्या. केंद्र सरकारच्या २०२० च्या दहा हजार एफपीओ योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते. मॅनेजरचा आणि अकाउंटंटचा पगार त्यातून जात असेल तरी स्थिर खर्चात तो पूर्ण धरा. नाहीतर तीन वर्षं मिल फायद्यात दिसते आणि मदत थांबली की त्याच महिन्यात तोट्यात जाते.

सात निर्देशक पुरेत

या मिलसाठी मी सात घेईन. महिन्यात दळलेली तूर. डाळीचा उतारा. योजनेच्या, म्हणजे प्रकल्प अहवालात धरलेल्या भावाने क्विंटलमागे शिल्लक. शेतकऱ्याला पैसे मिळायला लागलेले दिवस. ३० दिवसांवरची उधारी. हातातली रोकड किती दिवसांच्या खरेदीला पुरेल. आणि खरेदीत सभासदांच्या मालाचा वाटा.

एकूण सभासद, भागभांडवल, घेतलेली प्रशिक्षणं, महिला सभासदांची टक्केवारी हे आकडे या पानावर मुद्दाम घेतलेले नाहीत. अनुदान देणाऱ्यांना ते लागतात आणि दिलेही पाहिजेत, पण वेगळ्या पानावर. हजार सभासद असलेल्या कंपनीला या हंगामात त्यातल्या दीडशेच शेतकऱ्यांनी माल दिला असेल, तर मिल त्या दीडशेंवर चालते. सभासदसंख्या कधी कमी होत नाही, त्यामुळे तो आकडा कधी इशाराही देत नाही.

या सातांपैकी काही आकडे झालेलं सांगतात आणि काही येणारं. क्विंटलमागची शिल्लक झालेलं सांगते. शेतकऱ्याला पैसे मिळायचे दिवस हा आकडा पुढचं सांगतो, कारण आज पैसे लांबले की पुढच्या महिन्यात तोच शेतकरी गाडी व्यापाऱ्याच्या दारात लावतो. तेव्हा सभासदांच्या मालाचा वाटा घसरतो, आणि त्यानंतर दळलेली तूर. हे तिन्ही आकडे पानावर एकमेकांच्या जवळ ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्या आकड्याला आवळलं की दुसरा सुटतो, त्यांची जोडी ठेवा. मॅनेजरला फक्त खरेदीचं उद्दिष्ट दिलं तर तो ओला, मातकट माल घेऊन ते पूर्ण करील. फक्त उताऱ्याचं उद्दिष्ट दिलं तर फाटकावर इतकी कडक तपासणी होईल की माल परत जाईल. दळलेली तूर आणि उतारा दोन्ही शेजारी असले की एकाच्या जिवावर दुसरा सजवता येत नाही.

प्रत्येक आकड्याची व्याख्या लिहून ठेवा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, आणि सगळ्यात जास्त होतो उताऱ्यात. म्हणून त्याच्यावर थोडा वेळ घालवू.

तूर दळणं एका दिवसाचं काम नाही. सफाई, रोलरवर टरफलाला ओरखडे पाडणं, तेल-पाणी लावणं, मुरवणं, वाळवणं, मग पुन्हा रोलर आणि भरडणं असं करत एका लॉटला चार-पाच दिवस सहज जातात. ढगाळ हवा असेल आणि वाळवण उन्हावर असेल तर आणखी. आता 'या महिन्यात निघालेली डाळ भागिले या महिन्यात टाकलेली तूर' असा उतारा काढला, तर २८ तारखेला टाकलेली तूर या महिन्यात मोजली जाते आणि तिची डाळ पुढच्या महिन्यात. त्यामुळे एका महिन्यात उतारा ६४ टक्के दिसतो आणि पुढच्या महिन्यात ८०. ऐंशी टक्के उतारा बघून कोणी खूष झालं, तर हिशोबाची रीत चुकली आहे असं समजा.

उपाय साधा आहे. उतारा महिन्याचा न काढता लॉटचा काढायचा. प्रत्येक लॉटला नंबर द्या, आणि लॉट ज्या तारखेला पूर्ण झाला त्या महिन्यात तो अख्खा धरा, तूर आणि डाळ दोन्ही.

दुसरा प्रश्न भागाकाराचा. कोणत्या वजनाने भागायचं, काट्यावरच्या की सफाईनंतरच्या? १०० किलो तुरीतून २ किलो माती-काडी निघाली आणि ७२ किलो डाळ झाली, तर काट्याच्या वजनावर उतारा ७२ टक्के आणि साफ मालावर साडेत्र्याहत्तर. ऑपरेटर दुसरा आकडा सांगतो, कारण त्याच्या मशीनचं काम त्यात नीट दिसतं, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरही आहे. पण आपण शेतकऱ्याला पैसे काट्याच्या वजनावर दिलेत. म्हणून डॅशबोर्डवर काट्याचंच वजन घ्यायचं.

तिसरी चूक सरासरीची. २० क्विंटलच्या लॉटचा उतारा ६६ आणि १०० क्विंटलच्या लॉटचा ७३ असेल, तर दोन्हींची बेरीज करून दोनाने भागलं की ६९.५ येतात. खरा उतारा ७१.८ आहे. टक्क्यांची सरासरी कधीही काढू नका. किलोंची बेरीज करा आणि मग भागा.

एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये Lot नावाची शीट करा. A मध्ये लॉट नंबर, B मध्ये पूर्ण झाल्याची तारीख, C मध्ये तुरीचं काट्यावरचं वजन, D मध्ये डाळ, E मध्ये खंडा, F मध्ये चुनी, G मध्ये टरफल. सगळं किलोत. डॅशबोर्डच्या शीटवर A2 मध्ये महिन्याची पहिली तारीख टाकली की उताऱ्याचं सूत्र असं होतं:

```
=SUMIFS(Lot!D:D,Lot!B:B,">="&A2,Lot!B:B,"<="&EOMONTH(A2,0))
/SUMIFS(Lot!C:C,Lot!B:B,">="&A2,Lot!B:B,"<="&EOMONTH(A2,0))*100
```

D च्या जागी E, F, G टाकून खंडा, चुनी आणि टरफलाची टक्केवारी काढा. चारही मिळून शंभरातून वजा केले की घट मिळते. ही घट कुणाच्याही वहीत नसते, ती फक्त वजाबाकीतूनच समोर येते. म्हणून टरफल आणि चुनीसुद्धा तोलून लिहिण्याचा आग्रह धरा. अंदाजे पोती मोजून लिहिली तर घट किती हे कधीच कळणार नाही.

बाकीच्या आकड्यांच्या व्याख्या एकेका ओळीत होतात. शेतकऱ्याचे दिवस काट्याच्या पावतीपासून बँकेत पैसे जमा होईपर्यंत मोजायचे, आणि सरासरी न काढता त्या महिन्यात सर्वांत जास्त थांबलेल्या शेतकऱ्याचे लिहायचे. गावात चर्चा त्याचीच होते. उधारी बिलाच्या तारखेपासून मोजायची, व्यापाऱ्याने 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हटल्याच्या तारखेपासून नाही. रोकड म्हणजे बँकेतली शिल्लक अधिक कॅश क्रेडिटची न उचललेली मर्यादा, भागिले रोजची सरासरी खरेदी. कॅश क्रेडिट खातं असेल तर बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावंच लागतं. साठ्याचे आणि उधारीचे आकडे त्याच तारखेचे घ्या, म्हणजे बँकेला एक आणि मंडळाला दुसरं असं होत नाही.

उद्दिष्ट महिन्यागणिक वेगळं

वर्षाचं उद्दिष्ट बाराने भागून लिहू नका. तूर डिसेंबरच्या शेवटापासून येते, जोर जानेवारी ते मार्च असतो. हरभरा फेब्रुवारीनंतर येतो. पावसाळ्यात उन्हावरचं वाळवण बंद पडतं. खरेदी, दळण आणि विक्री यांचे तीन वेगळे रकाने करून प्रत्येक महिन्याची योजना आधीच भरून ठेवा. मार्चमध्ये दळण ६०० क्विंटल असताना खरेदी हजार क्विंटल असू शकते, कारण पुढच्या महिन्यांचा साठाही तेव्हाच करायचा असतो. रोकडीची ओढाताण कधी होणार हे या तीन रकान्यांतच दिसतं.

मिल हरभराही दळत असेल तर त्याचा उतारा वेगळा ठेवा. तूर आणि हरभरा मिसळून काढलेला उतारा काहीच सांगत नाही. कोणता माल जास्त दळला त्याप्रमाणे तो वर-खाली होत राहतो.

लाल रेघ कुठे मारायची

हिरवा, पिवळा, लाल असे रंग देणं सोपं असतं, पण रेघ कुठे मारायची हे हिशोबावरून ठरवा. योजनेपेक्षा दहा टक्के कमी आलं की लाल, असा सरधोपट नियम इथे चालत नाही. उताऱ्यात दहा टक्के म्हणजे सात किलो, तिथपर्यंत मिल कधीच बुडालेली असेल.

६०० क्विंटलवर १ लाख ८० हजार स्थिर खर्च काढायचा तर क्विंटलमागे किमान ३०० रुपये हवेत. आपल्याकडे ५४४ आहेत, म्हणजे २४४ रुपये गमावण्याची मुभा. किलोला ११२ रुपयांनी भागलं तर साधारण २.२ किलो. ७२ मधून तेवढे गेले की ६९.८. म्हणून ७० च्या खाली लाल, ७० ते ७१.५ पिवळा, त्यावर हिरवा. हाच हिशोब बाकीच्यांना लावा. रोकडीत सात दिवसांच्या खाली लाल ठेवा. कारण एका आठवड्याच्या खरेदीपुरतेही पैसे नसतील, तर व्यापाऱ्याचा एक चेक अडकला तरी शेतकऱ्याचे पैसे थांबतात.

नव्या मिलमध्ये सुरुवातीचे चाचणीचे लॉट यात धरू नका. ऑपरेटरचा हात बसेपर्यंत उतारा कमीच येतो. ते लॉट शीटवर नोंदवा, पण रंग देऊ नका.

मार्चचं पान

समजा मार्च संपला आणि पान असं आलं.

| निर्देशक | योजना | प्रत्यक्ष | रंग |
|---|---|---|---|
| दळलेली तूर, क्विंटल | ६०० | ५४० | पिवळा |
| उतारा, टक्के | ७२ | ६९.५ | लाल |
| योजनेच्या भावाने क्विंटलमागे शिल्लक, रुपये | ५४४ | २६४ | लाल |
| शेतकऱ्याला पैसे, सर्वांत जास्त दिवस | ३ | ९ | लाल |
| ३० दिवसांवरची उधारी, लाख | ० | ९ | लाल |
| रोकड, खरेदीचे दिवस | १० | ६ | लाल |
| सभासदांच्या मालाचा वाटा, टक्के | ६० | ४४ | पिवळा |

प्रत्यक्ष पानावर आणखी तीन रकाने ठेवा: आधीच्या सहा महिन्यांचे आकडे, जबाबदार माणसाचं नाव, आणि ठरलेला निर्णय.

आता अकाउंटंटचा नफा-तोटा बघितला तर मार्च छान गेलाय. क्विंटलमागे ५४२ रुपये, महिन्याचा फायदा १ लाख १२ हजारांवर. मग पानावर लाल का? कारण मार्चमध्ये डाळीचा भाव ११२ वरून ११६ झाला आणि दळलेली तूर जानेवारीत ७,५०० ने घेतलेली होती. ६९.५ किलो गुणिले ११६ म्हणजे ८,०६२ रुपये. योजनेत ८,०६४ होते. अडीच किलो डाळ गेली आणि भावाने ती जवळजवळ पूर्ण झाकली.

यासाठीच तिसरा निर्देशक योजनेच्या भावाने काढायचा. भाव आपल्या हातात नसतो, उतारा असतो. त्याच किलोंना ११२ चा भाव लावला की शिल्लक २६४ होते, आणि ५४० क्विंटलवर स्थिर खर्च वजा जाता महिना ३७,४४० रुपये तोट्यात जातो. पुढच्या महिन्यात वाढलेल्या भावाने घेतलेली तूर मिलमध्ये येईल तेव्हा हा तोटा उघडा पडेल. बाजारभावाचा खरा नफा अकाउंटंटच्या कागदावर राहू द्या, तोही लागतोच. पण मिल कशी चालली हे योजनेच्या भावानेच कळतं.

कारण कसं शोधायचं

उतारा कमी आला म्हणजे किलो कुठेतरी गेले. ते कुठे गेले ते आधी बघा. चुनी वाढली असेल तर दोष बहुधा मशीनकडे: एमरी रोलर झिजलेला, किंवा वाळवण कमी पडल्याने टरफल सुटत नाही, मग ते काढायच्या नादात डाळही घासली जाते. खंडा वाढला असेल तर माल जास्त वाळला का, भरडताना दाब जास्त आहे का, हे तपासा. दोन्ही जागच्या जागी असून घटच वाढली असेल तर प्रश्न काट्यावर आहे: ओलावा, माती, किंवा वजन.

आपल्या मार्चमध्ये खंडा ५, चुनी १०, टरफल १०, सगळं योजनेप्रमाणे आहे. घट ३ ऐवजी ५.५. म्हणजे ऑपरेटरला बोलावून झाडण्यात अर्थ नाही. Lot शीट उघडली तर ४५ क्विंटलचे बारा लॉट दिसतात. त्यातल्या सहांत घट ३ आणि उतारा ७२, बाकी सहांत घट ८ आणि उतारा ६७. हे दुसरे सहाही एकाच संकलन केंद्राचे. लॉट नंबरात केंद्राचं अक्षर टाकायची सवय असेल तर हे दोन मिनिटांत दिसतं, नसेल तर कधीच दिसत नाही.

त्या केंद्रावर मॉइश्चर मीटर नाही आणि चाळणीही नाही. हमीभाव खरेदीत तुरीला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. १२ टक्क्यांची तूर वाळून १० वर आली की १०० किलोमागे २.२ किलो पाणी जातं. १४ टक्क्यांची आली तर ४.४ किलो. त्यात साडेतीन किलो काडीकचरा धरला की आठ किलोंचा हिशोब लागला. कंपनीने पाण्याचे आणि मातीचे तुरीच्या भावाने पैसे दिलेत.

निर्णय असा लिहायचा: '१० एप्रिलपर्यंत केंद्रावर मॉइश्चर मीटर आणि चाळणी. १२ टक्क्यांवरच्या ओलाव्याला वजनातून कपात, कपातीचा तक्ता काट्याशेजारी लावणे. जबाबदार: खरेदी प्रमुख.' तक्ता लावणं मी महत्त्वाचं मानतो. न सांगता कापलेले दोन किलो शेतकऱ्याला फसवणूक वाटतात आणि ते वाटणं रास्तच आहे. मीटरचा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर आला, पावतीवर लिहिला गेला, तर पुढच्या वेळी तोच दोन दिवस वाळवून आणतो.

उधारी, रोकड आणि शेतकऱ्याचे दिवस ही तीन लाल खरं तर एकच गोष्ट आहे. रोजची खरेदी अडीच लाखांची, हातात पंधरा लाख, म्हणून सहा दिवस. नऊ लाख व्यापाऱ्यांकडे ३० दिवसांवर अडकलेत, ते आले असते तर आणखी साडेतीन दिवसांची खरेदी भागली असती. ते आले नाहीत म्हणून शेतकऱ्याचे पैसे नऊ दिवसांपर्यंत लांबले, आणि सभासदांच्या मालाचा वाटा ४४ वर येण्याचं कारणही बहुधा हेच. इथे तीन वेगळे निर्णय घेऊ नका. जुनं बिल चुकतं केल्याशिवाय त्या व्यापाऱ्याला नवी गाडी भरायची नाही, हा एकच निर्णय घ्या. त्याने महिनाभर विक्री कमी दिसेल, तेही निर्णयाशेजारी लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या बैठकीत त्यावरून घबराट होत नाही.

महिन्याचा दिनक्रम

लॉटची नोंद रोज, मिलवरच, ऑपरेटरने वहीत करायची आणि अकाउंटंटने आठवड्यातून एकदा शीटवर चढवायची. महिना संपला की ३ तारखेपर्यंत साठा प्रत्यक्ष मोजायचा. ५ तारखेला आकडे बंद, ७ तारखेला बैठक. बैठकीला मॅनेजर, अकाउंटंट, ऑपरेटर आणि दोन संचालक पुरेत. सगळं मंडळ बोलावलं की चर्चा भलतीकडेच जाते. त्यांना पान व्हॉट्सअॅपवर पाठवा.

बैठकीत हिरव्यावर बोलायचं नाही. आधी मागच्या महिन्याचे निर्णय झाले की नाही ते वाचायचं, मग लाल, मग वेळ उरला तर सलग दुसऱ्यांदा आलेले पिवळे. बंद केलेला आकडा नंतर बदलायचा नाही. चूक सापडली तर पुढच्या महिन्याच्या पानावर तळटीप लिहून दुरुस्त करायची. मागचे आकडे गुपचूप बदलायला लागले की संचालकांचा या पानावरचा विश्वास उडतो.

दोन खुणांवर लक्ष ठेवा. सातही आकडे सलग काही महिने हिरवे असतील तर रेघा सैल मारल्यात, त्या पुन्हा हिशोबातून काढा. आणि उतारा प्रत्येक लॉटला बरोबर ७२.० येत असेल तर वजन न करता वहीत भरलं जातंय. खऱ्या लॉटचे आकडे थोडे इकडे-तिकडे होतातच. तेव्हा एका लॉटच्या वेळी एका संचालकाने सुरुवातीपासून शेवटापर्यंत काट्याशेजारी उभं राहायचं.

तुरीचा हंगाम आटोपला की मे-जूनमध्ये निर्णयाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. ज्या निर्देशकाशेजारी वर्षभरात एकही निर्णय लिहिला गेला नाही तो पानावरून काढा, शीटवर मोजत राहा. त्याच्या जागी पुढच्या वर्षीची नवी जोखीम येते. मिल स्वतःच्या ब्रँडने एक किलोची पाकिटं विकायला लागणार असेल, तर दुकानदारांकडून परत आलेली पाकिटं हा निर्देशक पहिल्या महिन्यापासून हवा. त्याचीही व्याख्या आधी ठरवा: कीड लागून परत आलेलं वेगळं आणि न विकलं म्हणून परत आलेलं वेगळं, कारण पहिल्याला साठवण जबाबदार आहे आणि दुसऱ्याला विक्री.